गोफणीचा गुंडा आणि बाणांवर उभी राहिलेली कमान

अकरावीला प्रक्षेप्य गती शिकवताना फळ्यावर एक कमान काढायची, तिच्यावर वेगाचे चार-पाच बाण ठेवायचे, खाली पल्ला आणि मध्ये महत्तम उंची लिहायची आणि लगेच सूत्रांकडे वळायचं, ही रीत मी बरीच वर्षं पाहते आहे. मुलं ती आकृती वहीत उतरवतात. वह्या तपासायला घेतल्या की दिसतं, कमान आधी काढलेली आहे आणि बाण नंतर जागा मिळेल तिथे बसवलेले आहेत. आडवा बाण कुठे लांब, कुठे आखूड. उभा बाण पायथ्याशी जेवढा, तेवढाच शेंड्याजवळही. अशा आकृतीतून पल्ला, उंची आणि कोन यांचं नातं कळणं शक्यच नाही, कारण ते नातं बाणांच्या लांबीतच आहे. म्हणून जानेवारीत उजळणीच्या वेळी आम्ही वर्गात क्रम उलटा केला. आधी बाण, मग बिंदू, आणि कमान सगळ्यात शेवटी.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. वर्गातली बरीच पोरं आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येतात. त्या दिवसांत ज्वारी हुरड्यात आलेली असते आणि पाखरं राखायला घरोघरचं कोणी ना कोणी माळ्यावर बसलेलं असतं. त्यामुळे उदाहरण शोधावं लागलं नाही. गोफणीतून सुटलेला गुंडा घ्यायचा असं ठरलं. सुटतानाचा वेग सेकंदाला २५ मीटर धरला, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. सरावलेल्या हाताला हे सहज जमतं. हवेचा अडथळा सुरुवातीला बाजूला ठेवला, गुंडा जमिनीच्या पातळीवरून सुटून त्याच पातळीवर पडतो असं मानलं आणि गुरुत्व त्वरण ९.८ ऐवजी १० घेतलं. या तिन्ही गोष्टी शीटच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवल्या. आकृती कोणत्या अटींवर खरी आहे हे आकृतीवरच असावं असं माझं ठाम मत आहे.

प्रमाण ठरवण्यात मी वर्गाचा चांगला वेळ घालवला, आणि तो घालवायलाच हवा. ड्रॉइंग शीट साधारण ७६ सेंटिमीटर लांब असते. अंतरासाठी १ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर धरलं. वेगासाठी वेगळं प्रमाण लागतं, कारण वेग आणि अंतर या वेगळ्या राशी आहेत, त्या एकाच पट्टीने मोजता येत नाहीत. तिथे १ सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. म्हणजे २५ च्या वेगाचा बाण बरोबर ५ सेंटिमीटरचा. छापील आकृत्यांत हे दुसरं प्रमाण बहुतेक वेळा दिलेलंच नसतं, आणि मग बाणाची लांबी काही सांगत नाही, फक्त दिशा सांगते.

आता ५ सेंटिमीटरचा तिरपा बाण काढायचा. कोनमापक मी मुद्दाम बाजूला ठेवायला सांगितला. शीटच्या डाव्या टोकापासून ४ सेंटिमीटर आडवं जा, तिथून ३ सेंटिमीटर वर, आणि टोक जोडा. पायथागोरसमुळे कर्ण ५ चा येतोच. निळा आडवा बाण ४ चा, म्हणजे आडवा घटक सेकंदाला २० मीटर. लाल उभा बाण ३ चा, म्हणजे उभा घटक सेकंदाला १५ मीटर. काळा तिरपा बाण ५ चा, तो प्रत्यक्ष वेग. मग कोनमापक लावला तर कोन ३७ अंशांच्या किंचित आत भरला.

यापुढे आकृती स्वतःच वाढत जाते. गुरुत्व खाली ओढतं, आडवं ओढत नाही. म्हणून निळा बाण शेवटपर्यंत ४ सेंटिमीटरच राहणार. लाल बाणातून मात्र प्रत्येक सेकंदाला १० मीटर प्रति सेकंद वजा होणार, म्हणजे अर्ध्या सेकंदाला ५, आणि आमच्या प्रमाणात बरोबर १ सेंटिमीटर. पोरांनी फळ्यावर लाल बाणांची रांग लिहिली: ३, २, १, ०, मग खालच्या दिशेने १, २, ३. सात बाण, सहा टप्पे, प्रत्येक टप्पा अर्ध्या सेकंदाचा. गुंडा हवेत ३ सेकंद राहणार हे कोणतंही सूत्र न वापरता समोर आलं.

बिंदू मांडताना एकाने विचारलं, "मॅडम, अर्धा सेकंद कामून? सरळ दहा-दहा मीटरवर टिंब देऊ की." इथे दोन्ही एकच आहे, कारण आडवा वेग २० असल्याने अर्ध्या सेकंदात गुंडा आडवा १० मीटरच सरकतो. पण बिंदू मांडायचे ते वेळेप्रमाणे, ही सवय लावून घ्यावी. पुढे कोन बदलला की आडवं सरकणं बदलतं, वेळेचा टप्पा मात्र तोच राहतो, आणि म्हणूनच दोन कमानींची तुलना करता येते.

उंचीसाठी प्रत्येक टप्प्यातला सरासरी उभा वेग घेतला. पहिल्या अर्ध्या सेकंदात उभा वेग १५ वरून १० वर येतो, सरासरी साडेबारा, म्हणून चढ ६.२५ मीटर. दुसऱ्यात १० वरून ५, चढ ३.७५. तिसऱ्यात ५ वरून शून्य, चढ १.२५. बेरीज करत गेलं की उंची येते ६.२५, मग १०, मग ११.२५. चढ दर टप्प्याला नेमका अडीच मीटरने कमी होतो. एखादा बिंदू चुकला असेल तर ही घट लगेच सांगते. एका गटाचा दुसरा बिंदू ९ वर बसला होता. त्यांचे चढ ६.२५, २.७५ आणि २.२५ असे निघाले, आणि आकडे पाहूनच पोरींनी तो बिंदू खोडला.

सात बिंदू बसल्यावर लवचिक पट्टी उभी धरून वाकवली आणि कमान जोडली. पायथ्यापासून पायथ्यापर्यंत ६० सेंटिमीटर, म्हणजे पल्ला ६० मीटर. मध्यावर ११.२५ सेंटिमीटर, म्हणजे महत्तम उंची ११.२५ मीटर. मुलांची पहिली प्रतिक्रिया होती, "एवढी बसकी?" त्यांच्या डोळ्यांत बसलेली कमान अर्धवर्तुळाची असते. पण अर्धवर्तुळाचा पायथा सरळ उभा असतो. गुंडा तसा निघाला तर त्याचा निळा बाण शून्याचा होईल, आणि मग तो पुढे जाईलच कशाला? जिथून सुटला तिथेच येऊन पडेल. ही अन्वस्त रेषा आहे, वर्तुळाचा तुकडा नाही, हे बाणांकडे बघूनच पटतं.

कमान बरोबर आहे की नाही हे तपासायच्या दोन खुणा मी पोरांना दिल्या. पहिली अशी की प्रत्येक बिंदूवरचा काळा बाण कमानीला स्पर्श करत गेला पाहिजे. निळ्या आणि लाल बाणांचा आयत पूर्ण करून कर्ण काढायचा. तो कमानीला कापून आत शिरत असेल किंवा बाहेर सुटत असेल, तर एक तर बाण चुकला आहे किंवा पट्टी नीट वाकली नाही. दुसरी खूण मला फार आवडते. पहिला तिरपा बाण तसाच सरळ वाढवत न्या. तो पल्ल्याच्या मध्यावर, म्हणजे ३० मीटरवर, किती उंचीवर पोचतो? चाराला तीन या चढाने साडेबावीस मीटरवर. आणि साडेबावीस म्हणजे ११.२५ ची बरोबर दुप्पट. सुटतानाची दिशा सरळ वाढवली तर ती मध्यावर महत्तम उंचीच्या दुप्पट उंचीवर पोचते, कोन कोणताही असो. कुठलीही छापील आकृती हातात घ्या आणि पट्टी लावून बघा. बऱ्याच आकृत्या या एका कसोटीवर पडतात.

शेंड्याजवळ आम्ही बराच वेळ थांबलो. "वर गेल्यावर गुंडा थांबतोच की मॅडम," असं पहिल्या बाकावरच्या मुलीने ठामपणे सांगितलं आणि निम्म्या वर्गाने माना डोलावल्या. मी तिलाच शीटपाशी बोलावलं आणि मधल्या बिंदूवरचे बाण मोजायला सांगितले. लाल शून्य. निळा ४ सेंटिमीटर. म्हणजे शेंड्यावरही गुंडा सेकंदाला २० मीटरने पुढे चाललेलाच आहे. तिने जरा विचार केला आणि स्वतःच पुढचं बोलली, "थांबला असता तर तिथून सरळ खाली पडला असता." बरोबर. उरलेली अर्धी कमान झालीच नसती. शेंड्यावर वेग सगळ्यात कमी असतो, शून्य नसतो. तो शून्य होतो फक्त एकाच बाबतीत, गुंडा सरळ डोक्यावर फेकला तर, कारण तेव्हा निळा बाण मुळातच नसतो.

त्याच बिंदूवर मी एक हिरवा बाण खाली काढायला लावला, त्वरणाचा. लाल बाण शून्य झाला म्हणून गुरुत्व थांबत नाही. सातही बिंदूंवर हिरवा बाण सारखाच, त्याच लांबीचा, त्याच दिशेचा. वेगाच्या बाणांमध्ये तो मिसळू नये म्हणून रंग वेगळा आणि टोक पोकळ ठेवलं.

दुसऱ्या कमानीसाठी फक्त दोन बाणांची अदलाबदल केली. आता निळा ३ चा आणि लाल ४ चा. कर्ण तोच ५, म्हणजे गुंडा तेवढ्याच जोराने सुटला, फक्त कोन ५३ अंश झाला. लाल बाण ४, ३, २, १, ० असे उतरले, म्हणजे वर जायला २ सेकंद आणि एकूण ४ सेकंद. आडवं सरकणं अर्ध्या सेकंदाला साडेसात मीटर. उंची ८.७५, १५, १८.७५ आणि शेंड्याला २० मीटर. पट्टीने जोडलं तर दुसऱ्या टोकाला कमान त्याच ठिकाणी उतरली, ६० मीटरवर. पोरं उठून शीटभोवती गोळा झाली. एक कमान बसकी, दुसरी जवळजवळ दुप्पट उंच, आणि दोघींचा पल्ला एकच. ३७ आणि ५३ मिळून ९० होतात, आणि बेरीज ९० होणाऱ्या कोणत्याही दोन कोनांना असाच सारखा पल्ला मिळतो. गॅलिलिओने १६३८ मध्ये हे सिद्ध करून छापलं होतं.

पण असं का? इथे पाठ्यपुस्तकात लगेच R = u² sin 2θ / g हे सूत्र येतं. ते खरं आहे, पण sin 2θ बघून मुलांच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. आम्ही परत बाणांकडे गेलो. पल्ला म्हणजे आडवा वेग गुणिले हवेतला वेळ. हवेतला वेळ ठरवतो उभा वेग, कारण लाल बाण संपून उलटा तेवढाच वाढायला लागेल तितकाच वेळ गुंडा हवेत असतो. म्हणजे पल्ला शेवटी निळा गुणिले लाल या गुणाकारावर उभा आहे. आणि निळा गुणिले लाल म्हणजे त्या दोन बाणांनी बनलेल्या आयताचं क्षेत्रफळ. पहिल्या कमानीचा आयत ४ बाय ३, दुसऱ्याचा ३ बाय ४. क्षेत्रफळ दोन्हीकडे १२. पल्ला सारखा येणारच.

मग प्रश्न एवढाच उरला: कर्ण ५ चाच ठेवून सगळ्यात मोठ्या क्षेत्रफळाचा आयत कोणता? पोरांनी कागदावर आयत काढून पाहिले. अगदी पडका आयत काढला तर तो लांब होतो पण उंची जाते. अगदी उभा काढला तर उंची येते पण रुंदी जाते. सगळ्यात मोठा निघतो तो चौरस, बाजू सुमारे ३.५४ सेंटिमीटर, क्षेत्रफळ साडेबारा. चौरसाचा कर्ण ४५ अंशांवर असतो. महत्तम पल्ला ४५ अंशांना का, याचं याहून सरळ उत्तर मला माहीत नाही. ती तिसरी कमान काढली तर पल्ला ६२.५ मीटर आला, क्षेत्रफळाच्या प्रमाणातच, आणि उंची साडेपंधराच्या जरा वर.

इथे एक गोष्ट डोळ्यांत भरली, जी सूत्र पाठ करून कधी लक्षात येत नाही. ३७ वरून ४५ वर गेलं तरी पल्ला फक्त अडीच मीटरने वाढला. ४५ च्या आसपास कमानी एकमेकींच्या अगदी जवळ उतरतात, कारण चौरसाच्या जवळचे आयत क्षेत्रफळाने जवळजवळ चौरसाएवढेच असतात. पण १५ अंशांवर या, आयत पट्टीसारखा बारीक होतो आणि पल्ला निम्मा, ३१.२५ मीटर. ७५ अंशांना पुन्हा तोच. म्हणजे गोफण फिरवणाऱ्याचा कोन पाच-सहा अंशांनी इकडेतिकडे झाला तर ४५ जवळ त्याचं फारसं बिघडत नाही, आणि १५ जवळ बरंच बिघडतं.

उंचीचं गणित वेगळं आहे. उंचीला निळ्या बाणाशी काही देणंघेणं नाही. ती एकट्या लाल बाणाच्या वर्गावर चालते. लाल ३ वरून ४ झाला आणि उंची ११.२५ वरून २० झाली, म्हणजे नऊला सोळा. म्हणून कोन वाढवत गेलं की उंची ९० अंशांपर्यंत वाढतच जाते. सरळ वर फेकलेला हाच गुंडा ३१.२५ मीटर चढेल, महत्तम पल्ल्याच्या नेमका निम्मा.

यानंतर वर्गात जो प्रश्न आला तो मला अपेक्षित होता, आणि हवाही होता. एका मुलाने सांगितलं, "पण मॅडम, आम्ही जमिनीवरून नाही फेकत. माळ्यावरून फेकतो." त्याच्या शेतातला माळा ३ मीटर उंच आहे असं धरलं. नवी आकृती काढायची गरज नव्हती. तिन्ही कमानी पायथ्याच्या रेषेखाली ३ सेंटिमीटर वाढवल्या आणि तिथे जमिनीची नवी रेषा ओढली. बसकी कमान ६३.८ मीटरवर पडली. उंच कमान ६२.२ वर. म्हणजे ३७ आणि ५३ ची जोडी फुटली. बसक्या कमानीला जास्त फायदा झाला, कारण ती कमी उताराने खाली येते आणि शेवटच्या ३ मीटरच्या पडण्यात जास्त आडवं सरकते. सर्वांत लांब पडण्याचा कोनही ४५ वरून सुमारे ४४ वर आला. गोळाफेकीत खेळाडू ४५ पेक्षा कमी कोनात गोळा सोडतो त्याचं एक कारण हेच, गोळा जमिनीवरून नाही, खांद्याच्याही वरून सुटतो. दुसरं कारण शरीराचं आहे, तिरपा वर ढकलताना हाताचा जोर कमी पडतो, म्हणजे कर्णच आखूड होतो.

हवेचा प्रश्न तुषार सिंचनातून निघाला. वर्गातल्या एकीच्या शेतात हरभऱ्यावर तुषार संच चालतो. तिचं म्हणणं होतं की नोझल ४५ चं अजिबात दिसत नाही, बरंच खाली झुकलेलं असतं. तिने घरी जाऊन कोनमापकाला दोरा आणि नट बांधून ओळंब्याने कोन मोजला. २५ अंशांच्या जवळपास आला, आणि शेतीच्या तुषार नोझलचा कोन बहुधा असाच २५-२७ अंशांच्या घरात असतो. थेंब हलका असतो, हवा त्याला गुंड्यापेक्षा कितीतरी जास्त अडवते. जास्त वेळ हवेत राहिलेला थेंब जास्त अडतो, आणि उंच गेलेल्या थेंबाला वाराही भरकटवतो. म्हणून पाणी बसक्या कमानीने सोडलेलं बरं पडतं.

यासाठी आमची आकृती कुठे मोडते हे पोरांनीच बोट ठेवून दाखवलं. हवा आडवी अडवू लागली की निळा बाण ४ चा राहत नाही. तो प्रत्येक टप्प्याला थोडा आखूड होतो. लाल बाण चढताना जास्त वेगाने संपतो, कारण गुरुत्व आणि हवा दोन्ही खाली ओढतात, आणि उतरताना हवा वर रेटते म्हणून तो सावकाश वाढतो. कमानीचे दोन हात मग सारखे राहत नाहीत. शेंडा मध्याच्या पलीकडे सरकतो, उतरता हात जास्त उभा होतो आणि पल्ला कमी भरतो. सूत्र इथे चालत नाही, पण बाणांची पद्धत चालते. टप्पा अर्ध्या सेकंदाऐवजी एक दशांश सेकंदाचा घ्यायचा आणि प्रत्येक टप्प्याला त्या क्षणाच्या वेगाप्रमाणे दोन्ही बाणांतून किती वजा करायचं ते काढायचं. काम वेळखाऊ आहे, तरी दोन मुलींनी ते हाती घेतलं आहे. थेंबासाठी निळा बाण पहिल्या काही टप्प्यांतच निम्म्यावर आला, तेव्हा त्यांनी शीटवरचं प्रमाण बदललं आणि वेगाला १ सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला २ मीटर धरून पुन्हा पहिल्या बाणापासून सुरुवात केली.